कऱ्हाडचा प्रिंटर आणि पुण्याचा बोगदा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे सी.ए. लोकांच्या ऑफिसांत लगीनघाई. विवरणपत्रांची तारीख डोक्यावर आलेली असते, आणि अशा वेळी फोन येतो तो नेटवर्कवाल्याला. पुण्यातल्या अशाच एका छोट्या ऑफिसचं नेटवर्क मी बघतो. तिथल्या एक ताई कऱ्हाडहून, घरून काम करतात. त्यांचा फोन आला. "सर, व्हीपीएन चालू केलं की माझा प्रिंटर मरतो. बंद केलं की जिवंत होतो. चलन छापायचं असलं की व्हीपीएन तोडायचं, छापायचं, परत जोडायचं. आज सकाळपासून अकरा वेळा झालं."

प्रिंटर त्यांच्या टेबलावर, लॅपटॉपपासून दोन हातांवर. पुण्याच्या ऑफिसशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही पुण्याशी जोडणी झाली की तो दिसेनासा होतो. याचं कारण त्यांच्या लॅपटॉपवर मीच घातलेल्या एका ओळीत होतं, आणि ती ओळ बदलण्याची ही गोष्ट आहे. या बदलाला तंत्राच्या भाषेत स्प्लिट टनेलिंग म्हणतात. ऑफिसचं तेवढं बोगद्यातून जाऊ द्यायचं, बाकीचं सगळं घरच्या इंटरनेटवरून थेट.

आधी बोगदा म्हणजे काय ते पाहू. व्हीपीएनचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतो. खोटं म्हणजे त्याला तार नाही, अँटेना नाही. या कार्डात टाकलेलं प्रत्येक पाकीट कुलूपबंद होतं, दुसऱ्या पाकिटात घातलं जातं, आणि बाहेरच्या पाकिटावर ऑफिसच्या राउटरचा पत्ता लिहून ते नेहमीच्या इंटरनेटवरून निघतं. ऑफिसमध्ये बाहेरचं पाकीट फाडून आतलं पुढे पाठवतात. आमच्या ऑफिसात त्यासाठी वायरगार्ड आहे. ते फुकट आहे, आटोपशीर आहे, आणि २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेलं आहे. इथे विंडोजवरच्या वायरगार्डबद्दल लिहितो, कारण ताईंच्या लॅपटॉपवर तेच आहे.

पहिल्यांदा मी बसवून दिलं तेव्हा सगळंच बोगद्यात घातलं होतं. ती सोपी पद्धत आहे, कशाचा विचार करावा लागत नाही. पण त्याचा अर्थ असा, की ताईंनी कऱ्हाडला बसून एखाद्या बँकेची साइट उघडली तरी ती विनंती आधी पुण्याला जाणार, ऑफिसच्या राउटरमधून बाहेर पडणार, उत्तर पुन्हा पुण्याला येणार आणि मग कऱ्हाडला. कऱ्हाडहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला आधी खंबाटकी आणि कात्रज ओलांडून पुण्याला न्यायचं आणि मग उलटं फिरवायचं, तसलाच प्रकार.

एकट्या माणसाचं असं फिरणं खपून जातं. पण जुलैत आमचे नऊ जण घरून काम करत होते आणि ऑफिसची लाइन होती ३० एमबीपीएसची. एका चांगल्या व्हिडिओ मीटिंगला साधारण ३ एमबीपीएस लागतात असं धरलं, तर नऊ जणांचे झाले २७. शिवाय त्या मीटिंगचं चित्र ऑफिसात उतरतं आणि तिथून परत वर चढून घरोघरी जातं, म्हणजे लाइनच्या दोन्ही बाजू एकदमच भरतात. ऑफिसात बसलेल्यांना वाटायचं इंटरनेट कंपनी फसवते आहे. कंपनीचा दोष नव्हता. आम्हीच नऊ घरांचं इंटरनेट एका नळातून नेत होतो. खरं ऑफिसचं काम म्हणजे सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने जाऊन टॅली चालवणं, आणि त्याला त्या मानाने किरकोळच जागा लागते.

आता प्रिंटर का मरतो ते. त्यासाठी पिनकोडकडे वळावं लागेल.

पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेतली गंमत अशी, की आकडे डावीकडून वाचत गेलं की जागा अरुंद होत जाते. नुसता ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड एवढा मोठा पट्टा. ४१५ म्हटलं की सातारा आणि आसपास. ४१५११० म्हटलं की थेट कऱ्हाड. समजा पत्रं लावायच्या मांडणीत एका खणावर "४" लिहिलंय, एकावर "४१५" आणि एकावर "४१५११०". कऱ्हाडचं पत्र तिन्ही खणांत बसतं. तरी ते टाकायचं शेवटच्याच खणात, कारण त्यावरचा पत्ता सगळ्यात नेमका.

कॉम्प्युटरमध्ये अशीच मांडणी असते. तिला राउटिंग टेबल म्हणतात. पाकीट कुठल्या वाटेने पाठवायचं हे ठरवताना लॅपटॉप याच नियमाने वागतो: जास्त आकडे जुळणारा खण जिंकतो. पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून किती भाग जुळायला हवा ते लिहितात. 192.168.1.0/24 याचा अर्थ पहिले तीन आकडे, म्हणजे 192.168.1, जुळले पाहिजेत, चौथा काहीही चालेल. /32 म्हणजे चारही आकडे जुळायला हवेत, एकच यंत्र. आणि 0.0.0.0/0 म्हणजे काहीच जुळायला नको, जगातलं कुठलंही पत्र इथे टाका.

ताईंच्या लॅपटॉपवरची फाइल अशी होती:

```
[Interface]
PrivateKey = ...
Address = 10.73.0.6/32
DNS = 192.168.1.10

[Peer]
PublicKey = ...
Endpoint = vpn.example.com:51820
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
PersistentKeepalive = 25
```

सगळा खेळ AllowedIPs या ओळीत आहे. बोगद्याच्या तोंडाशी कुठली पाटी लावायची ते ही ओळ सांगते. इथे पाटी आहे "सगळं". (दोन टिंबांवालं `::/0` हे त्याच "सगळं"चं नव्या, लांब पत्त्यांसाठीचं रूप.)

पण पिनकोडच्या नियमाने तर प्रिंटर चालायला हवा होता! त्यांच्या घरचा राउटर 192.168.29.1, प्रिंटर 192.168.29.20. लॅपटॉपला घरच्या वायफायचा 192.168.29.0/24 हा खण माहीत असतो, आणि तो "सगळं" या खणापेक्षा कितीतरी नेमका आहे. वाचकाला हा प्रश्न पडला असेल तर बरोबर पडलाय. मी स्वतः इथे पंधरा मिनिटं अडलो होतो. उत्तर राउटिंग टेबलात नव्हतंच. विंडोजवरचं वायरगार्ड `/0` दिसलं की एक जादा पहारा बसवतं. टनेलच्या Edit खिडकीत खाली "Block untunneled traffic (kill-switch)" असा एक चौकोन दिसतो आणि त्यात आपोआप टिक असते. याचा अर्थ, बोगद्याबाहेर जाणारं काहीही अडवा. वाट बरोबर सापडली तरी दारात पहारेकरी उभा. प्रिंटर बिचारा त्याच्या पलीकडे.

आता एक फसवी जागा सांगतो, कारण लोक इथे हमखास थांबतात. ती टिक काढून टाकली की प्रिंटर लगेच छापायला लागतो. काम झालं असं वाटतं. पण AllowedIPs कडे नीट पाहिलं तर दिसेल की टिक काढताक्षणी `0.0.0.0/0` च्या जागी `0.0.0.0/1, 128.0.0.0/1` आलेलं आहे. जगाचे दोन अर्धे करून दोन खणांवर लिहिले, इतकंच. दोन अर्धे मिळून पुन्हा सगळं जगच. पहारेकरी गेला म्हणून घरचा प्रिंटर दिसला, पण बाहेरचं सगळं इंटरनेट अजूनही पुण्याहूनच जातंय. ऑफिसची लाइन तशीच तुंबलेली.

म्हणजे स्प्लिट टनेलिंग हे बटण नव्हे. ती यादी आहे, आणि यादी करायची तर ऑफिसचं म्हणजे नक्की काय काय ते कोणीतरी बसून लिहिलं पाहिजे. मी ताईंना सांगितलं, "दोन दिवस व्हीपीएन आहे तसंच राहू दे, आणि ऑफिसचं म्हणून जे जे उघडाल ते वहीत टिपून ठेवा." त्यांची वही अशी निघाली: टॅलीचा सर्व्हर 192.168.1.10, त्याच सर्व्हरवरचं फायलींचं फोल्डर, हजेरीच्या मशीनचं पान 192.168.1.15. आणि चौथी नोंद, जी माझ्या लक्षातही आली नसती: एका मोठ्या क्लायंटचा भाड्याचा सर्व्हर, जो इंटरनेटवर आहे पण फक्त आमच्या ऑफिसच्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत घेतो.

ही चौथी नोंद महत्त्वाची. पहिल्या तीन गोष्टी ऑफिसच्या भिंतीआड आहेत, त्यामुळे त्या बोगद्यातून जाणार हे उघड आहे. चौथी गोष्ट ऑफिसबाहेर आहे. पण तिला वाटलं पाहिजे की माणूस ऑफिसातून आला. सगळं बोगद्यातून जात होतं तोवर हे आपोआप जमत होतं. यादी आखडती केली की ताई त्या सर्व्हरला कऱ्हाडच्या पत्त्यावरून दिसणार आणि दार बंद. स्प्लिट केल्यावर "कालपर्यंत चालत होतं, आज परवानगी नाही म्हणतंय" अशी जी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. उपाय म्हणजे त्या सर्व्हरचा एकट्याचा पत्ता /32 लावून यादीत घालायचा.

मग नवी ओळ अशी झाली (शेवटचा पत्ता इथे नमुन्यासाठी):

```
AllowedIPs = 192.168.1.0/24, 10.73.0.1/32, 203.0.113.25/32
```

मधला 10.73.0.1 हा ऑफिसच्या राउटरचा बोगद्याच्या आतला पत्ता. त्याच्याकडे ताईंचं काही काम नसतं, तरी तो मी घालतो. वायरगार्डमध्ये ही यादी दोन्ही दिशांना चालते: कोणाला पाठवायचं आणि कोणाकडून आलेलं घ्यायचं. यादीत नसलेल्या पत्त्यावरून बोगद्यातून काही आलं तर ते गपचूप फेकून दिलं जातं. राउटर यादीत नसेल तर पुढे तपासणी करताना त्याचं उत्तर मिळत नाही, नुसत्या चांदण्या दिसतात, आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

बदल करायची कृती दोन मिनिटांची. वायरगार्डची खिडकी उघडायची, टनेल निवडून Edit, ओळ बदलायची, Save, आणि पुन्हा Activate. यादीतून `/0` गेलं की पहाऱ्याचा तो चौकोन आपोआप नाहीसा होतो. विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागेल. ती नसेल तर आग्रह धरू नये, ऑफिसच्या माणसालाच हे करू द्यावं. मोठ्या कंपन्यांत तर ही यादी कंपनीच्या सर्व्हरकडून येते, कर्मचाऱ्याला ती बदलता येत नाही आणि बदलूही नये. हा लेख ज्यांच्या हातात ती फाइल आहे त्यांच्यासाठी.

बदल झाला हे कशावरून ओळखायचं? वायरगार्डच्या खिडकीतला हिरवा Active काही सांगत नाही, तो आधीही हिरवाच होता. पॉवरशेल उघडून लॅपटॉपलाच विचारायचं की अमुक पत्त्याला कुठल्या वाटेने जाशील:

```
Find-NetRoute -RemoteIPAddress 192.168.1.10
Find-NetRoute -RemoteIPAddress 8.8.8.8
tracert -d 8.8.8.8
```

पहिल्या उत्तरात InterfaceAlias समोर टनेलचं नाव दिसलं पाहिजे, दुसऱ्यात Wi-Fi. तिसरी आज्ञा वाटेतले थांबे दाखवते. पहिला थांबा 192.168.29.1, म्हणजे ताईंच्या घरचा राउटर, असेल तर इंटरनेट थेट जातंय. तिथे 10.73.0.1 दिसलं तर अजून पुण्याची वारी चालू आहे. टिक काढून थांबलेले लोक इथे पकडले जातात.

कऱ्हाडला सगळं बरोबर आलं. प्रिंटर चालला, टॅली उघडली, ताईंनी चहा घेतला. चार दिवसांनी पुन्हा फोन. "सर, काल दुपारी पुण्यात ऑफिसची वीज गेली होती ना? तेव्हा माझं इंटरनेट इथे एकदम रखडत होतं. एकेक पान उघडायला किती वेळ! आता तर माझं इंटरनेट माझंच आहे म्हणालात."

त्यांचं निरीक्षण अचूक होतं आणि चूक माझी होती. मी वाट वेगळी केली होती, पण वाट विचारणं वेगळं केलं नव्हतं. आपण साइटचं नाव टाइप करतो तेव्हा लॅपटॉपला आधी त्या नावाचा आकड्यांतला पत्ता कोणालातरी विचारावा लागतो. ज्याला विचारायचं त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. फाइलमध्ये वर `DNS = 192.168.1.10` ही ओळ तशीच राहिली होती. म्हणजे सिनेमाच्या तिकिटांची साइट उघडली तरी तिचा पत्ता पुण्याच्या सर्व्हरला विचारला जायचा आणि मग कऱ्हाडवरून थेट जाणं व्हायचं. पुण्याचा सर्व्हर बंद पडला की लॅपटॉप आधी त्याची वाट पाहणार, कंटाळणार, मग दुसऱ्याला विचारणार. तेच ते रखडणं. शिवाय ताई घरच्या इंटरनेटवर काय काय उघडतात त्याची नावं ऑफिसच्या सर्व्हरवर पोचत होती. कोणी बघत नव्हतं, पण पोचू नयेत हेच बरं.

ती ओळ नुसती खोडली तर दुसरी अडचण. ऑफिसचा सर्व्हर सगळे `tally.office.internal` या नावाने ओळखतात, आणि हे नाव फक्त ऑफिसच्या डीएनएसला ठाऊक. बाहेरच्या जगात `.internal` ने संपणारं नाव सापडणारच नाही. २०२४ मध्ये तो शेवट खासगी वापरासाठी राखूनच ठेवलाय. तेव्हा विंडोजला असं सांगायला हवं: ऑफिसची नावं ऑफिसला विचार, बाकीची घरच्या राउटरला. तशी सोय विंडोजमध्ये आहे. DNS ची ओळ काढून टाकायची आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेलमध्ये एकदाच हे लिहायचं:

```
Add-DnsClientNrptRule -Namespace ".office.internal" -NameServers "192.168.1.10"
Resolve-DnsName tally.office.internal
```

सुरुवातीचं टिंब विसरायचं नाही. "या शेपटाची सगळी नावं" असा अर्थ त्या टिंबामुळे होतो. दुसरी ओळ तपासणीची. इथे जुन्या सवयीने `nslookup` वापरू नका. तो विंडोजचा हा नियम पाळतच नाही, स्वतःच्या मनाने विचारतो आणि सापडलं नाही म्हणून सांगतो, आणि मग आपण चांगल्या चालणाऱ्या गोष्टीची दुरुस्ती करायला घेतो. नाव पूर्ण लिहायचं हेही ताईंना सांगावं लागलं. त्या नुसतं `tally` टाइप करायच्या, आणि नुसत्या नावाला शेपूट नाही म्हणून नियम लागू होत नाही. आणखी एक भानगड ब्राउझरची. काही ब्राउझरांत सुरक्षित डीएनएस नावाची सोय चालू असते आणि ते विंडोजला न विचारता परभारे पत्ता शोधतात. हजेरीच्या मशीनचं पान नावाने उघडत नाही पण बाकी सगळं चालतंय, असं झालं तर आधी तिथे बघावं. ज्या ऑफिसात एकच सर्व्हर आहे त्यांनी एवढं करू नये. नावाऐवजी सरळ 192.168.1.10 लिहावं, झालं.

कऱ्हाड मार्गी लागलं म्हणून तीच फाइल, आपापल्या चाव्या आणि पत्ते घालून, उरलेल्या आठ जणांना दिली. सात जणांचं बिनबोभाट चाललं. आठवा चिंचवडचा, नुकताच आर्टिकलशिपला लागलेला मुलगा. त्याने सांगितलेलं लक्षण ऐकून मला हसू आलं. "सर, मी आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड बदलायला 192.168.1.1 उघडलं, तर ऑफिसच्या राउटरचं पान आलं."

दोघांच्या घराण्याचं आडनावच एक. त्याच्या घरचं नेटवर्क 192.168.1.0/24 आणि ऑफिसचंही तेच. हे योगायोगाने होत नाही. खासगी नेटवर्कसाठी राखलेले पत्त्यांचे तीन गट १९९६ पासून ठरलेले आहेत, जगात सगळे तेच वापरतात, आणि राउटर बनवणारे त्यातलं 192.168.0 किंवा 192.168.1 डोळे मिटून घालतात. ऑफिसचा राउटर बसवणाऱ्यानेही ते तसंच ठेवलं होतं. आता लॅपटॉपसमोर दोन खण, दोन्हींवर अगदी एकच मजकूर. नेमकेपणाचा नियम इथे थकतो. मग प्रत्येक वाटेला दिलेला मेट्रिक नावाचा आकडा बघितला जातो, ज्याचा लहान तो जिंकतो. चिंचवडला बोगदा जिंकला होता. म्हणून ऑफिस दिसत होतं आणि घरचा राउटर, घरचा प्रिंटर गायब.

दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या व्हीपीएनवर नेमकं उलटं होऊ शकतं: घर जिंकतं आणि ऑफिसचा सर्व्हर गायब. त्याची खूण `ping 192.168.1.10` मध्ये सापडते. उत्तर येतं "Destination host unreachable", पण उत्तर देणारा पत्ता आपल्याच लॅपटॉपचा असतो. म्हणजे लॅपटॉपने घरातल्या घरात हाक मारून पाहिली, ओ आली नाही. पाकीट उंबरठ्याबाहेर गेलंच नाही.

त्या दिवसापुरता उपाय पिनकोडमध्येच होता. 192.168.1.0/24 काढून टाकायचं आणि हवी तेवढीच यंत्रं लिहायची: `192.168.1.10/32, 192.168.1.15/32`. चारही आकडे जुळणारा खण तीन आकड्यांच्या खणाला हरवतोच, मेट्रिक काही का असेना. घरचा राउटर परत घरचा झाला. मात्र चिंचवडच्या घरात उद्या एखाद्या टीव्हीला 192.168.1.10 हा पत्ता मिळाला, तर त्याच्याशी बोलायला निघालेला लॅपटॉप पुण्याच्या टॅली सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहील. म्हणून त्या मुलाने संध्याकाळी घरच्या राउटरवर जाऊन आपलं नेटवर्क 192.168.87.0/24 केलं. घरातले सगळे फोन एकदा तुटून परत जोडले गेले, आईची मालिका दोन मिनिटं थांबली, तेवढाच त्रास.

हाच नेमकेपणाचा नियम वाईट माणसाच्याही उपयोगी पडतो. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायला जोडल्यावर लॅपटॉपला पत्ता देतो तो तिथला राउटर, आणि पत्त्याबरोबर "अमुक ठिकाणी जायचं तर माझ्यामार्फत जा" अशा वाटाही तो देऊ शकतो. त्याने बोगद्यापेक्षा नेमकी वाट दिली, तर पाकिटं बोगदा सोडून त्याच्याकडे जातील. व्हीपीएन हिरवंच दिसत राहील. २०२४ च्या मे महिन्यात टनेलव्हिजन या नावाने ही युक्ती जाहीर झाली, पण ज्या सोयीवर ती उभी आहे ती २००२ सालची आहे. विंडोजवरचा तो पहारेकरी अशा वेळी कामाला येतो, कारण वाट चुकलेलं पाकीट तो बाहेर सोडत नाही. स्प्लिटमध्ये आपण नेमका त्यालाच रजा दिलेली असते.

म्हणून प्रवासाला जाणाऱ्यांच्या लॅपटॉपवर मी दोन टनेल ठेवतो, "office" आणि "sagla". चावी तीच, पत्ता तोच. फरक AllowedIPs आणि DNS या दोन ओळींचा. घरी पहिलं, बाहेर दुसरं, पहाऱ्यासकट. विंडोजवरचं वायरगार्ड एकावेळी एकच चालू ठेवतं, दुसरं चालू केलं की पहिलं स्वतःहून बंद होतं, तेव्हा गोंधळ होत नाही. ताईंनी विचारलं, "मग घरी पण सगळंच का नको? सुरक्षित तर तेच ना?" प्रश्न रास्त आहे. सगळं बोगद्यातून जात होतं तेव्हा ऑफिसच्या फायरवॉलला त्यांचं सगळं दिसायचं, एखादी घातक साइट तिथेच अडायची. आता लॅपटॉपचा एक पाय ऑफिसात आणि एक पाय मोकळ्या इंटरनेटवर. मोकळ्या बाजूने काही चिकटलं तर ते ऑफिसच्या बाजूला सरकू शकतं. आम्ही त्यासाठी दोन गोष्टी केल्या. लॅपटॉपवरचं अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट यांची जबाबदारी ऑफिसने घेतली, आणि ऑफिसच्या राउटरवर असा नियम घातला की 10.73.0 वरून येणाऱ्यांना फक्त टॅली सर्व्हर, हजेरीचं मशीन आणि तो क्लायंटचा सर्व्हर एवढंच दिसेल. "sagla" वापरणाऱ्या दोघांच्या पत्त्यांना त्यात सवलत. हे राउटरवरच करावं लागतं. AllowedIPs ही यादी लॅपटॉपवर असते, आणि लॅपटॉप ज्याच्या हातात तो ती उद्या बदलू शकतो.

एक मर्यादा उरतेच. ही यादी आकड्यांची आहे, नावांची नाही. क्लायंटचा सर्व्हर एका ठरलेल्या पत्त्यावर होता म्हणून निभावलं. जी सेवा आज एका पत्त्यावर आणि उद्या दुसऱ्याच पत्त्यावर असते, ती अशा यादीत धरून ठेवता येत नाही. तिथे नावावरून किंवा ॲपवरून वाटणी करणारा व्हीपीएन प्रोग्रॅम लागतो. वायरगार्डच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ॲप निवडायची सोय आहे, विंडोजवर नाही.

चिंचवडचा प्रश्न मुळातून सोडवायचा तर ऑफिसनेच आपला पत्ता बदलायला हवा होता. सी.ए. साहेबांना पटवायला ऑगस्ट उजाडला. एका रविवारी मी आणि तो आर्टिकलवाला मुलगा ऑफिसात बसलो आणि सगळं नेटवर्क 10.73.40.0/24 वर नेलं. कोणाच्या घरी हा आकडा असण्याची शक्यता फार कमी, म्हणून तो निवडला. राउटर, सर्व्हर, दोन प्रिंटर बदलले, डीएनएसच्या नोंदी बदलल्या, नऊ फाइली नव्याने लिहून पाठवल्या. यादीतली पहिली ओळ आता सगळ्यांची एकच, `10.73.40.0/24`. चारच्या सुमारास ताईंनी कऱ्हाडहून टॅली उघडून दाखवली, शेजारच्या प्रिंटरवर एक कागदही छापला, आणि आम्ही वडापाव खाऊन घरी गेलो.

सोमवारी साहेबांचा फोन आला. ऑफिसातले सगळे गैरहजर दिसत होते. हजेरीच्या मशीनमध्ये पत्ता हाताने टाइप केलेला होता, 192.168.1.15, आणि ते अजून तिथेच बसून होतं.